कोण कोणाशी खेळलं? स्पर्धांच्या कोड्यांच्या संचाच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

संच कशाचा ते आज ठरलं. आठवी-नववीच्या मुलांसाठी स्पर्धांवरची कोडी करायची. आधी सामने मोजायचे, मग अर्धवट माहितीवरून कोण कोणाशी खेळलं ते हुडकायचं. मोजणीची कोडी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असतात, म्हणून ती मोजकीच ठेवीन. खरी मजा हुडकण्यात आहे.

अट एकच: प्रत्येक कोड्याला एकच उत्तर हवं, आणि ते एकच आहे हे मला दाखवता आलं पाहिजे. ‘दुसरं उत्तर सापडलं नाही’ हे कारण चालणार नाही, कारण मुलं ते हमखास शोधून आणतात.

६ जानेवारी

बाद पद्धत. ३७ संघ आहेत, हरला तो बाहेर. विजेता ठरेपर्यंत किती सामने? प्रत्येक सामना बरोबर एका संघाला बाहेर काढतो आणि बाहेर जायचे आहेत ३६ संघ, म्हणून ३६ सामने. एवढं उत्तर दोन ओळींत संपतं, पण मुलांचा त्यावर चटकन विश्वास बसत नाही. ‘३७ विषम आहे, मग कोणाला तरी पुढे चाल द्यावी लागेल, त्याचं काय?’ हा प्रश्न येतोच. म्हणून कार्यक्रमपत्रिका दोन तऱ्हांनी मांडून पाहिली.

पहिली तऱ्हा नेहमीची. ३७ नंतरची दोनाची पुढची घात ६४. ६४ वजा ३७ म्हणजे २७ संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल. उरलेले १० संघ ५ सामने खेळतात, ५ जिंकतात, आणि २७ अधिक ५ असे ३२ संघ दुसऱ्या फेरीत येतात. तिथून पुढे १६, ८, ४, २, १. बेरीज ३१, वरचे ५ धरून ३६.

दुसरी तऱ्हा आळशी. ज्या फेरीत संघ विषम असतील त्या फेरीत एकालाच पुढे चाल द्यायची. ३७ संघांत १८ सामने होऊन १९ उरतात. मग ९ सामने, १० उरतात. मग ५ सामने आणि ५ संघ, मग २ सामने आणि ३ संघ, मग १ सामना आणि २ संघ, मग अंतिम सामना. १८ + ९ + ५ + २ + १ + १ = ३६. आकडा तोच, कारण पुढे चाल देऊन कोणी बाहेर जात नाही.

सामने तेवढेच राहतात, पण त्यांची वाटणी फार बदलते. दुसऱ्या तऱ्हेत ३७, १९, ५ आणि ३ अशा चार फेऱ्यांत पुढे चाल आहे. चारही वेळा चिठ्ठी एकाच संघाच्या नावाने निघाली, तर तो फक्त तिसरी फेरी आणि अंतिम फेरी खेळून विजेता होऊ शकतो. सहा फेऱ्यांच्या स्पर्धेचा विजेता आणि सामने दोन! पहिल्या तऱ्हेत विजेत्याला ५ किंवा ६ सामने खेळावेच लागतात. पुढे चाल सगळी पहिल्याच फेरीत उरकून टाकतात ती याचसाठी. कोडं असं घेतलं: ‘आळशी कार्यक्रमपत्रिकेत विजेता कमीत कमी किती सामने खेळला असेल?’ नुसत्या ‘एकूण सामने किती’पेक्षा हे मला जास्त आवडलं.

तिसऱ्या क्रमांकाचा सामना असेल तर एक वाढवायचा, हे कोड्यात स्पष्ट लिहायला हवं. त्या सामन्यातून कोणी बाहेर जात नाही, दोघंही आधीच बाहेर गेलेले असतात.

७ जानेवारी

साखळीची मोजणी. n संघ, प्रत्येक जोडी एकदाच: n(n−१)/२ सामने. इथे जास्त रेंगाळायचं नाही. खऱ्या स्पर्धांवरचे दोन प्रश्न घेतले, कारण त्यांत साखळी आणि बाद पद्धत एकत्र येतात.

क्रिकेटच्या २०२३ च्या पुरुषांच्या एकदिवसीय विश्वचषकात १० संघ होते आणि प्रत्येक जण इतर सगळ्यांशी खेळला: ४५ सामने. मग चौघांची बाद फेरी, म्हणजे ३. एकूण ४८. फुटबॉलच्या २०२६ च्या विश्वचषकाचा आराखडा ४८ संघांचा: चौघांचे १२ गट, प्रत्येक गटात ६ सामने, म्हणजे ७२. पुढे ३२ संघांची बाद फेरी, म्हणजे ३१ सामने आणि तिसऱ्या क्रमांकाचा एक. एकूण १०४. योगायोग गमतीचा आहे: एका ठिकाणी संघ ४८, दुसऱ्या ठिकाणी सामने ४८. मुलं गोंधळतील, म्हणून दोन्ही प्रश्न शेजारीशेजारी ठेवणार नाही.

१० जानेवारी

मोजणीतून हुडकण्याकडे नेणारं एक कोडं हवं होतं. ते जमलं:

‘साखळी स्पर्धेत प्रत्येक जोडीचा एकच सामना ठरला होता. मध्येच दोन संघांनी माघार घेतली. तोवर दोघांचेही ४-४ सामने झाले होते. बाकीच्यांनी आपापसातले सगळे सामने पूर्ण केले. एकूण ३५ सामने झाले. माघार घेतलेले दोन संघ एकमेकांशी खेळले होते का?’

पहिल्यांदा वाचल्यावर वाटतं की माहिती अपुरी आहे. संघ किती तेसुद्धा सांगितलेलं नाही. पण बाकीचे संघ m धरले तर त्यांच्यातले सामने m(m−१)/२. माघार घेतलेले दोघे एकमेकांशी खेळले नसतील तर त्यांचे मिळून ८ सामने, खेळले असतील तर ७, कारण तो एक सामना दोघांच्याही खात्यात मोजला गेला आहे. म्हणजे m(m−१)/२ हा आकडा २७ तरी हवा किंवा २८ तरी. साखळीतून येणारे आकडे १, ३, ६, १०, १५, २१, २८, ३६ असे. २७ त्यांत नाही, २८ आहे, तो ८ संघांचा. म्हणजे खेळले होते, आणि सुरुवातीला संघ १० होते.

आता अटीचं काय? दोन्ही शक्यता एकाच वेळी बसायच्या तर साखळीचे दोन आकडे लागोपाठचे असायला हवेत. पण m संघांच्या साखळीत आणखी एक संघ आला की m सामने वाढतात, त्यामुळे आकड्यांमधलं अंतर वाढतच जातं. एकाचं अंतर फक्त अगदी सुरुवातीला, ० आणि १ मध्ये. म्हणून या प्रकारच्या कोड्याला दोन उत्तरं येण्याचं भय नाही. भय उलट आहे: एकही उत्तर न येण्याचं. एकूण सामने ३४ दिले असते तर २६ किंवा २७ लागले असते, आणि दोन्ही साखळीचे आकडे नाहीत. आकडे बदलून नवं कोडं करायचं असेल तर आधी m निवडायचा, मग एकूण काढायचं. एकूण मनाने ठरवलं की कोडं हमखास फसतं.

१५ जानेवारी

मुख्य भाग. स्पर्धा अर्धवट आहे, प्रत्येक जोडी फार तर एकदाच खेळणार आहे, आणि आपल्याला फक्त कोणाचे किती सामने झाले तेवढं कळलं आहे. त्यावरून कोण कोणाशी खेळलं ते सांगायचं. दोन कोडी भाच्याला सोडवायला दिली.

पहिलं, सात संघांचं: लाल ५, निळा ५, पिवळा ४, हिरवा ४, पांढरा ४, काळा २, जांभळा ०.

दुसरं, सहा संघांचं: लाल ४, निळा ४, पिवळा ३, हिरवा २, पांढरा २, काळा १.

पहिलं त्याने पटकन सोडवलं. जांभळा कोणाशीच खेळलेला नाही, त्याला बाजूला काढा. उरले सहा, आणि त्यांत लालचे ५ सामने आहेत, म्हणजे लाल या सगळ्यांशी खेळला. ते पाच सामने लिहून टाका, लाललाही बाजूला काढा आणि उरलेल्यांचा एक-एक सामना वजा करा: निळा ४, पिवळा ३, हिरवा ३, पांढरा ३, काळा १. आता पाच संघांत निळ्याचे ४, म्हणजे तोही सगळ्यांशी. तो काढला की पिवळा २, हिरवा २, पांढरा २, काळा ०. काळ्याचं काम संपलं, त्याचे दोन सामने लाल आणि निळ्याशी झाले. उरलेल्या तिघांचे दोन-दोन, म्हणजे तिघंही आपापसात खेळले. कुठेही अंदाज नाही, प्रत्येक पाऊल सक्तीचं.

दुसऱ्यावर तो बराच वेळ बसला आणि म्हणाला, “मामा, सुरुवात कुठून करू? सगळ्यांशी खेळलेला कोणी नाही आणि कोणाशीच न खेळलेलाही नाही.” नेमकं बोट ठेवलं त्याने. थोड्या वेळाने त्याने उत्तर आणलं: लाल खेळला निळा, पिवळा, हिरवा, पांढऱ्याशी, निळा खेळला लाल, पिवळा, हिरवा, काळ्याशी, आणि पिवळा-पांढरा एक सामना. आकडे बरोबर बसतात, एकूण ८ सामने. मग मी त्यातले लाल-पांढरा आणि निळा-काळा हे दोन सामने खोडले आणि त्यांच्या जागी लाल-काळा आणि निळा-पांढरा लिहिले. पुन्हा मोज म्हटलं. चौघांपैकी प्रत्येकाचा एक सामना गेला आणि एक आला, आकडे तेच राहिले. म्हणजे हे कोडं संचात चालणार नाही.

१६ जानेवारी

कालची अदलाबदल हीच सगळ्याची किल्ली दिसते. दोन सामने झालेले आहेत, प-भ आणि फ-ब. प-फ आणि ब-भ झालेले नाहीत. मग झालेले खोडून न झालेले लिहा: आकडे तसेच, उत्तर नवं. अशी चौकट कुठेही सापडली की कोडं बाद.

प्रश्न असा की भाच्याची अडचण आणि ही चौकट यांचा संबंध काय? ‘सगळ्यांशी खेळलेला कोणी नाही, कोणाशीच न खेळलेलाही कोणी नाही’ अशी स्थिती आली की अशी चौकट असतेच का? की कधीकधी दुसऱ्या एखाद्या युक्तीने एकच उत्तर निघू शकतं? यावर आज बसलो. उत्तर आहे: चौकट असतेच. कारण लिहून ठेवतो.

कोड्याचं कुठलंही एक उत्तर समोर घ्या. सर्वांत जास्त सामने खेळलेला संघ प. तो सगळ्यांशी खेळलेला नाही, म्हणून कोणीतरी फ आहे ज्याच्याशी प खेळलेला नाही. फ अगदीच न खेळलेला नाही, म्हणून तो कोणाशी तरी खेळला आहे. त्याला ब म्हणू. आता प आणि ब यांची तुलना करा. प चे सामने ब इतके किंवा जास्त आहेत. पण ब च्या प्रतिस्पर्ध्यांत फ आहे आणि प च्या प्रतिस्पर्ध्यांत फ नाही. हिशोब जुळायचा तर प च्या यादीत असा कोणीतरी भ हवाच जो ब च्या यादीत नाही. झालं: प-भ आणि फ-ब खेळले आहेत, प-फ आणि ब-भ खेळलेले नाहीत. (प आणि ब आपसात खेळले असले तरी तो सामना दोघांच्याही यादीतून वगळला की तुलना तशीच राहते.)

कालच्या कोड्यावर ताडून पाहिलं. प म्हणजे लाल. लाल ज्याच्याशी खेळला नाही तो फ म्हणजे काळा. काळा ज्याच्याशी खेळला तो ब म्हणजे निळा. लालच्या यादीत आहे पण निळ्याच्या नाही, तो भ म्हणजे पांढरा. मी हाताने केलेली अदलाबदल तंतोतंत हीच.

याचा अर्थ बराच मोठा आहे. फक्त सामन्यांच्या संख्या दिलेल्या असतील आणि उत्तर एकच असेल, तर भाच्याची ‘सगळ्यांशी किंवा कोणाशीच नाही’ ही एकच युक्ती शेवटपर्यंत पुरते. दुसरी युक्ती लागेल असं कोडं या प्रकारात करताच येत नाही. ज्या क्षणी युक्ती अडते, त्या क्षणी उत्तरं अनेक असतात.

१८ जानेवारी

तपासणीसाठी छोटा प्रोग्राम लिहिला. युक्ती जशीच्या तशी उतरवली आहे.

```python
def ekach_uttar(samne):
    s = sorted(samne)
    while s:
        if s[0] == 0:
            s = s[1:]
        elif s[-1] == len(s) - 1:
            s = [x - 1 for x in s[:-1]]
        else:
            return False
    return True
```

`ekach_uttar([5,5,4,4,4,2,0])` ला `True` येतं, `ekach_uttar([4,4,3,2,2,1])` ला `False`. एक लक्षात ठेवायचं: `False` म्हणजे उत्तरं अनेक आहेत किंवा एकही नाही, हे दोन्ही. उदाहरणार्थ `[3,1,1,0]` ला `False` येतं, कारण चार संघांत एकाशी खेळ नसताना ३ सामने होऊच शकत नाहीत. संचासाठी मला फक्त `True` हवं आहे, त्यामुळे हा फरक करण्याच्या भानगडीत पडलो नाही.

सहा संघांसाठी शक्य असलेल्या संख्यांच्या याद्या १०२ आहेत, त्यांतल्या ३२ याद्यांना एकच उत्तर. सात संघांसाठी ३४२ पैकी ६४. दर संघामागे दुपटीने वाढतात, आणि का ते युक्तीवरूनच कळतं: मागून उभारत गेलं तर प्रत्येक नवा संघ एकतर सगळ्यांशी खेळतो किंवा कोणाशीच नाही, दोनच पर्याय.

पण ६४ आकडा फसवा आहे. ‘झालेले सामने’ ऐवजी ‘उरलेले सामने’ मोजले की एका कोड्याचं दुसरं होतं: ५, ५, ४, ४, ४, २, ० चं १, १, २, २, २, ४, ६. हा जुळा भाऊच, सोडवण्यात काही नवं नाही. माझ्या मते या प्रकारची दोन कोडी पुरेत. तिसऱ्याला मुलं विचार न करता यंत्रासारखी सोडवतील.

२३ जानेवारी

नवं काही आणायचं तर निकाल हवेत. चार संघांची पूर्ण साखळी, विजयाला ३ गुण, बरोबरीला १. तक्त्यातला फक्त गुणांचा रकाना द्यायचा:

लाल ७, निळा ५, पिवळा ३, हिरवा १.

सहाच्या सहा सामन्यांचे निकाल सांगा.

सुरुवात बेरजेपासून. निकाल लागलेला सामना ३ गुण वाटतो, बरोबरीचा २. सहा सामन्यांत एकही बरोबरी नसेल तर १८ गुण, आणि दर बरोबरीमागे एक कमी. इथे बेरीज १६, म्हणजे बरोबऱ्या दोन. लालचे ७ म्हणजे दोन विजय, एक बरोबरी. निळ्याचे ५ म्हणजे एक विजय, दोन बरोबऱ्या. दोनच बरोबऱ्या आहेत आणि दोन्हींत निळा आहे. एक लालशी हवी, कारण लालची एक आहे. हिरव्याचा १ गुण बरोबरीचाच, म्हणून दुसरी हिरव्याशी. मग पिवळ्याला बरोबरी उरतच नाही, त्याचे ३ म्हणजे एक विजय. निळ्याचा विजय उरलेल्या पिवळ्यावर. लालचे दोन विजय पिवळ्यावर आणि हिरव्यावर. पिवळ्याचा एकमेव विजय हिरव्यावर. चार आकड्यांवरून सहा निकाल.

पिवळ्याचे ३ पाहून मुलं तीन बरोबऱ्यांचा रस्ता धरतील. तो रस्ता ‘बरोबऱ्या दोनच’ या ओळीवर अडतो. बेरीज आधी न करणारा इथेच अडकतो, आणि कोड्याची खरी कस इथेच आहे.

२५ जानेवारी

कोड्यावर गुणपद्धत छापायलाच हवी. फुटबॉलमध्ये विजयाला पूर्वी २ गुण असत; इंग्लंडच्या लीगने १९८१ मध्ये ३ केले, विश्वचषकात ते १९९४ पासून आले. २ गुणांच्या पद्धतीत निकाल काहीही लागो, प्रत्येक सामना २ गुणच वाटतो. सहा सामन्यांची बेरीज नेहमी १२, त्यामुळे बरोबऱ्या किती ते बेरजेतून कळतच नाही.

परवाचेच निकाल त्या पद्धतीत मांडले तर लाल ५, निळा ४, पिवळा २, हिरवा १. पण हेच गुण असेही येतात: लाल आणि हिरव्याची बरोबरी, लालने निळ्याला आणि पिवळ्याला हरवलं, निळ्याने पिवळ्याला आणि हिरव्याला, पिवळ्याने हिरव्याला. एकाच तक्त्यामागे दोन वेगळ्या स्पर्धा.

२८ जानेवारी

शेवटचं कोडं ठरवताना ३ गुणांच्या पद्धतीत आणखी तक्ते चाळले. ९, ६, ३, ० अगदीच सोपं. ६, ६, ६, ० मध्ये बेरीज १८, बरोबरी नाही, शेवटचा तिन्ही हरला, आणि बाकी तिघांनी एकमेकांना गोल फिरून हरवलं; पण गोल दोन दिशांनी फिरतो, म्हणून दोन उत्तरं.

मनात भरलं ते ४, ४, ४, ४. बेरीज १६, बरोबऱ्या दोन, आणि प्रत्येकाचा एक विजय, एक बरोबरी, एक हार. बरोबरीच्या जोड्या तीन तऱ्हांनी लावता येतात. प्रत्येक तऱ्हेत उरलेले चार सामने एक वर्तुळ करतात, आणि ते दोन दिशांनी फिरू शकतं. एकूण सहा उत्तरं. ‘लालने निळ्याला हरवलं’ एवढं सांगितलं तर सहाची दोन उरतात. ‘लाल आणि पिवळ्याची बरोबरी झाली’ एवढंच सांगितलं तरी दोन. दोन्ही सांगितलं की एक.

त्यामुळे संचात ते असं जाईल: ‘चौघांचे ४-४ गुण. लालने निळ्याला हरवलं. लाल-पिवळा बरोबरी. उरलेले चार निकाल?’ उत्तराच्या पानावर: निळा-हिरवा बरोबरी, निळ्याने पिवळ्याला हरवलं, पिवळ्याने हिरव्याला, हिरव्याने लालला.